‘सर, निर्णय तोच आहे’: काउंटर ऑफर नाकारणारी एक चिठ्ठी

हिंगणा एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटीची डेप्युटी मॅनेजर असलेल्या इंजिनिअरने 2 जूनला, सोमवारी, राजीनामा दिला. नोटीस पिरियड 60 दिवसांचा, म्हणजे शेवटचा दिवस 1 ऑगस्ट. मिहानमध्ये विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचं ऑफर लेटर तिने आधीच सही करून पाठवलं होतं आणि 4 ऑगस्टला तिथे रुजू व्हायचं ठरलं होतं. जुन्या कारखान्यात तिची 6 वर्षं 7 महिने नोकरी झालेली. पहिली नोकरी इथेच, जे शिकली तेही इथेच.

गुरुवारी मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मालक पासष्टीचे, स्वतः लेथवर काम करून वर आलेले. मेल इंग्रजीत पाठवतात, पण मनातलं बोलायचं असलं की मराठीवर येतात. ‘‘अशी काहून चालली तू? कोणी काही बोललं का? सांगून दे मले, आत्ता बोलावतो त्याले.’’ मग पगाराचं बोलले, पदाचं बोलले आणि शेवटी म्हणाले, ‘‘घरी विचार कर, घाई नाही.’’ शुक्रवारी सकाळी एचआरची मेल आली. तिच्यात तेच सगळं आकड्यांत मांडलेलं होतं आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं.

त्याच दुपारी ती उत्तराचा मसुदा घेऊन माझ्याकडे आली. मी नागपुरातल्या कारखान्यांसाठी एचआरचं काम करते, त्यामुळे राजीनाम्यानंतरचा हा पत्रव्यवहार टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहत आले आहे. दोघांची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. आकड्यांची मांडणी आणि चिठ्ठीचा घाट मात्र तसाच ठेवला आहे.

ऑफर काय होती

तिचा चालू पगार महिन्याला 80,000 रुपये. नवी कंपनी 1,00,000 देणार होती, म्हणजे वर्षाला 12 लाख. जुन्या कंपनीने महिन्याला 97,000, वर 1,20,000 रुपयांचा रिटेन्शन बोनस आणि ‘मॅनेजर’ हे पद देऊ केलं. एचआरच्या मेलमध्ये एकूण रक्कम ठळक अक्षरांत होती: 12,84,000. कागदावर ही ऑफर नव्या कंपनीपेक्षा 84,000 रुपयांनी मोठी दिसत होती.

मेलच्या खालच्या परिच्छेदात तीन गोष्टी होत्या. बोनस एकदाच मिळणार होता, त्यामुळे दुसऱ्या वर्षापासून जुन्या कंपनीचा आकडा 11,64,000 वर येत होता. पुढच्या एप्रिलची पगारवाढ याच वाढीत धरलेली होती. आणि 18 महिन्यांच्या आत नोकरी सोडली तर बोनस पूर्ण परत करायचा होता. हा ‘पूर्ण’ शब्द नीट वाचावा लागतो. बोनस हातात येतो तो कर कापून, आणि परत मागितला जातो तो बहुतेक ठिकाणी न कापलेल्या रकमेने. मधला फरक सोडणाऱ्याच्या खिशातून जातो.

यात फसवणूक आहे असं मला वाटलं नाही. गेलेला माणूस थांबवायचा असला की कंपन्या साधारण अशाच पद्धतीने आकडे मांडतात, आणि मालकांचा हेतू स्वच्छ होता. पण खरा मुद्दा वेगळाच होता. तिला ऑटोमधून विमानाच्या सुट्या भागांकडे जायचं होतं. तिथली तपासणी, कागदपत्रं, प्रमाणपत्रं सगळं निराळं. हिंगण्यातला हा कारखाना ते काम करत नाही आणि नजीकच्या काळात करणारही नाही. म्हणजे तिला जे हवं होतं ते मालकांना देता येण्यासारखं नव्हतं, आणि ते जे देत होते त्यासाठी ती चाललेली नव्हती.

इथे तिला एकच प्रश्न विचारला: हीच वाढ मार्चमध्ये मिळाली असती तर राजीनामा दिला असता का? ती म्हणाली, ‘‘तरीही दिला असता, थोडा उशिरा.’’ मग निर्णयाबद्दल बोलायचं काही उरलं नव्हतं. ती ‘नाही’ म्हणाली असती तर मी तिला आधी केबिनमध्ये परत पाठवलं असतं. निव्वळ पगारासाठी सोडणाऱ्याने आणि दुसरीकडे अजून सही न केलेल्याने काउंटर ऑफरचा विचार करण्यात काहीच गैर नाही. तिने सही केली होती. हिंगणा, बुटीबोरी आणि मिहान मिळून नागपुरातलं क्वालिटीचं वर्तुळ इतकं लहान आहे की दिलेला शब्द फिरवला तर तो पुढच्या इंटरव्ह्यूच्या आधीच तिथे पोचलेला असतो.

पहिला मसुदा

तिने लिहिलेलं उत्तर असं होतं:

> आदरणीय सर,
> तुमची ऑफर खरंच खूप चांगली आहे आणि तुम्ही माझा इतका विचार केलात याबद्दल मी ऋणी आहे. खूप विचार केला, पण सध्या तरी मला ही ऑफर स्वीकारणं शक्य होणार नाही, त्याबद्दल मनापासून सॉरी. नवीन ठिकाणी पगार थोडा जास्त आहे आणि घरापासूनही जवळ पडतं. शिवाय, खरं सांगायचं तर, प्रॉडक्शनच्या दबावाखाली क्वालिटीने होल्ड केलेला माल डिस्पॅच होतो, याचा मला त्रास होत होता. तुम्ही समजून घ्याल अशी आशा आहे. मी गेल्यावरही केव्हाही, कशासाठीही फोन करा, मी आहेच. पुन्हा एकदा सॉरी.

भाषा नम्र आहे, भावना खरी आहे. तरीही ही चिठ्ठी गेली असती तर सोमवारी तिला पुन्हा केबिनमध्ये बसावं लागलं असतं. कारण सांगते.

‘सध्या तरी’ आणि ‘शक्य होणार नाही’ या शब्दांत नकार पुरता होत नाही. वाचणारा माणूस धंदा करून मोठा झालेला आहे. त्याच्या कानाला हे ‘अजून थोडं वाढवा’ असंच ऐकू येतं, आणि त्यात त्याची चूक नाही, कारण गिऱ्हाईकही नेमकं असंच बोलतं.

त्याहून अडचणीची आहेत ती कारणं. पगार थोडा जास्त आहे, असं लिहिलं की मालक म्हणणार, किती जास्त ते सांग. घर जवळ पडतं, असं लिहिलं की कंपनीची गाडी दारात येणार. होल्डचा माल डिस्पॅच होतो, असं लिहिलं की प्रॉडक्शन मॅनेजरला तिच्यासमोर बोलावलं जाणार. गुरुवारी ते तसं म्हणालेच होते. नकाराच्या चिठ्ठीत लिहिलेलं प्रत्येक दुरुस्त करता येण्याजोगं कारण हे नव्या ऑफरचं आमंत्रण ठरतं. आणि मालकांनी ते कारण खरोखर दूर केलं, तर तिच्याकडे नाही म्हणायला काय उरतं? तिने मग नवं कारण काढलं असतं, आणि माणसं दुखावतात ती इथे. पहिला नकार बहुतेक जण पचवतात. कारण पुरवल्यावरही आलेल्या दुसऱ्या नकाराने मात्र आपल्याला खेळवलं असं वाटतं.

डिस्पॅचची तक्रार खरी होती, गंभीरही होती. पण काउंटर ऑफर नाकारताना ती लिहिली की जाताना मारलेल्या टोमण्यासारखी वाचली जाते, आणि त्यावर कोणी काही करत नाही. तिची जागा एक्झिट इंटरव्ह्यूत आहे, तीही तारीख आणि लॉट नंबरसकट. तिच्याकडे अशा तीन घटनांच्या नोंदी होत्या. त्या वेगळ्या कागदावर काढून ठेवायला सांगितलं.

या मसुद्यात न लिहिलेली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. शेवटच्या दिवसाची तारीखच कुठे नव्हती. बऱ्याच ठिकाणी ‘रिटेन्शनची चर्चा चालू आहे’ या नावाखाली राजीनामा स्वीकारल्याची मेल अडकून राहते. कोणी मुद्दाम अडवतं असं नाही, फाइल नुसती पडून असते. मग जुलैच्या मध्यावर कळतं की रिलीव्हिंगची प्रक्रिया सुरूच झालेली नाही, आणि नवी कंपनी रुजू होण्याच्या दिवशी रिलीव्हिंग लेटर मागते. प्रेमळ पण तारीख नसलेलं उत्तर एचआरच्या फाइलला ‘चर्चा चालू’ याच खान्यात ठेवतं.

दोन उत्तरं, दोन भाषांत

ऑफर दोन वाटांनी आली होती: मालकांच्या तोंडून आणि एचआरच्या मेलमधून. म्हणून उत्तरंही दोन द्यायची ठरली. एचआरला इंग्रजीत, त्याच मेलच्या धाग्यावर, चार ओळी: ऑफरबद्दल आभार, 2 जूनचा राजीनामा कायम आहे, शेवटचा कामाचा दिवस 1 ऑगस्ट, राजीनामा स्वीकारल्याचं कृपया कळवावं. त्यात भावना नाही, कारण नाही. ती मेल पुढे कधी लागली तर पुरावा म्हणून लागणार, त्यामुळे कोरडी असलेलीच बरी.

मालकांनी समोर बसून मराठीत विचारलं होतं, तेव्हा त्यांना उत्तरही आधी तोंडीच आणि मराठीत द्यायला हवं होतं. चिठ्ठी त्यानंतर. आधी चिठ्ठी पाठवून मग समोर जाणं म्हणजे नकार कागदाच्या आडून देणं, आणि या पिढीच्या मालकांना ते लागतं. शिवाय ‘विचार करून सांगते’ म्हणत सोमवारपर्यंत थांबण्याचंही कारण नव्हतं. निर्णय झालेला असताना घेतलेल्या प्रत्येक दिवसात समोरचा माणूस आशा धरतो, कधी वरच्या मजल्यावर शब्दही टाकून बसतो.

शुक्रवारी संध्याकाळी शिफ्ट बदलल्यावर ती केबिनमध्ये गेली. बोलणं पाच-सात मिनिटांचं झालं. ‘‘सर, तुम्ही जे बोललात ते मी घरी जाऊन पुन्हा पुन्हा आठवलं. माझा निर्णय तोच आहे. तुम्हाला आधी समोर येऊन सांगायचं होतं.’’ मालक थोडे गप्प राहिले, मग विचारलं, ‘‘किती देऊन राहिले ते?’’ तिने आकडा सांगितला नाही. ‘‘आकड्याचा प्रश्न नाही सर, काम वेगळं आहे,’’ एवढंच म्हणाली. हे उत्तर आम्ही आधी ठरवलं होतं, कारण हा प्रश्न येणारच होता. एकदा आकडा बाहेर पडला की बोलणं त्या आकड्याभोवतीच फिरत राहतं.

घरी पोचल्यावर तिने ही चिठ्ठी त्यांच्या वैयक्तिक मेलवर पाठवली:

> आदरणीय सर,
>
> आज केबिनमध्ये बोलले तेच लिहून देते आहे. काल तुम्ही स्वतः वेळ काढून माझ्याशी बोललात आणि मला थांबवण्यासाठी एवढं मोठं पाऊल उचललंत, याची मला पूर्ण जाणीव आहे. मी ही ऑफर स्वीकारत नाही. माझा राजीनामा कायम आहे आणि 1 ऑगस्ट हा माझा शेवटचा दिवस असेल.
>
> मला विमानाच्या सुट्या भागांच्या क्वालिटीत काम करायचं आहे आणि ती सुरुवात मी आता करते आहे.
>
> माझ्या पहिल्या कस्टमर ऑडिटच्या वेळी मी दुसऱ्याच प्रश्नाला अडखळले होते. तुम्ही मागच्या खुर्चीवर येऊन बसलात, पण माझ्याऐवजी उत्तर दिलं नाहीत. ‘बोलू द्या तिला’ एवढंच म्हणालात. त्यानंतर मी कुठल्याही ऑडिटरसमोर घाबरले नाही. लॉकडाउनमध्ये मशीन बंद असतानाही आमच्यापैकी कोणाचा पगार तुम्ही थांबवला नाहीत, हेही घरात सगळ्यांच्या लक्षात आहे.
>
> 12 ऑगस्टच्या ऑडिटची काळजी तुम्हाला असणार. त्याची सगळी तयारी मी 18 जुलैपर्यंत पूर्ण करून देईन आणि उरलेले दोन आठवडे जो कोणी माझी जागा घेईल त्याच्याबरोबर बसेन. हँडओव्हरची यादी सोमवारी तुमच्या टेबलावर असेल. मी गेल्यावर एखादी फाइल किंवा जुनी नोंद सापडली नाही, तर ऑगस्टअखेरपर्यंत संध्याकाळी सातनंतर मला जरूर फोन करावा.
>
> आपली,

चिठ्ठी गेली ती अशी. यात नकाराचं वाक्य पाच शब्दांचं आहे: ‘मी ही ऑफर स्वीकारत नाही.’ आधी तिने ‘स्वीकारू शकत नाही’ लिहिलं होतं, ते बदललं. ‘शकत नाही’ म्हटलं की अडचण कुठली ते शोधायला समोरचा निघतो. ‘सॉरी’ एकदाही नाही, कारण तिने काही चुकीचं केलेलं नव्हतं. आणि माफी मागितली की समोरच्यालाही तसं वाटू लागतं.

कारण दिलं आहे, पण एकच. तेही असं की या कारखान्याला ते पुरवता येत नाही, आणि त्यात कारखान्याची निंदाही नाही. कारण अजिबातच द्यायचं नाही असा सल्ला काही जण देतात. मला तो इथे पटला नाही. साडेसहा वर्षं एकत्र काम केलेल्या माणसाला ‘वैयक्तिक कारण’ असं लिहिणं म्हणजे परकेपणा दाखवणं.

आभार मानताना ‘खूप काही शिकायला मिळालं’ हे वाक्य आम्ही मुद्दाम काढून टाकलं. ते कोणीही कोणालाही लिहू शकतं. खुर्चीची आठवण फक्त हीच मुलगी फक्त याच माणसाला लिहू शकत होती. चिठ्ठीतली ऊब येते ती या दोन-तीन ओळींमधून, ‘मनःपूर्वक’ आणि ‘ऋणी’ या शब्दांमधून येत नाही.

शेवटच्या परिच्छेदावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. मालकांची खरी गरज पाहिली तर ती 12 ऑगस्टच्या ऑडिटची होती. काउंटर ऑफरच्या मुळाशी पुष्कळदा असं एखादं जवळ आलेलं काम असतं. ते ओळखून त्याबद्दल ठोस शब्द दिला तर नकाराची धार बरीच कमी होते. मात्र शब्द पाळता येईल एवढाच द्यायचा. ‘केव्हाही, कशासाठीही’ हा शब्द कोणी पाळू शकत नाही, आणि न उचललेल्या तिसऱ्या फोननंतर सगळ्या चिठ्ठीवर पाणी पडतं. म्हणून महिना ठरवला, वेळ ठरवली आणि विषयही ठरवला: जुनी नोंद कुठे आहे एवढंच. नव्या कंपनीच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये बाहेरचं काम करायला मनाई होती. फाइल कुठल्या कपाटात आहे हे सांगणं म्हणजे काम नाही. ऑडिटचं उत्तर लिहून देणं हे मात्र काम झालं असतं.

ग्रॅच्युइटी, शिल्लक रजांचे पैसे, पीएफ यातलं काहीही चिठ्ठीत घेतलं नाही. पाच वर्षं पूर्ण झाल्यामुळे ग्रॅच्युइटी तिचा हक्कच होता. 40,000 मूळ पगारावर, 15 दिवसांना 26 ने भागून, आणि 6 वर्षं 7 महिन्यांची 7 वर्षं धरून ती 1,61,538 रुपये होत होती. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात. पण हा हिशेब एचआरशी, वेगळ्या मेलवर, जुलैत करायचा. नकाराच्या चिठ्ठीत पैशाची एकही ओळ आली की बाकीच्या ओळी त्या ओळीसाठी लिहिल्यासारख्या दिसतात.

पुढे काय झालं

मालकांचं उत्तर शनिवारी आलं, दोन ओळींचं. चिठ्ठी आवडली असं त्यांनी लिहिलं होतं, आणि पुढे: ‘ऑडिट होऊन जाऊ दे, मग जा. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे.’

हे होणार याचा अंदाज होता. ऑफर नाकारली की पुढची मागणी बहुधा तारखेची येते, आणि ऑफरला ठाम नाही म्हणणारी माणसं इथे विरघळतात, कारण पंधरा दिवस अगदीच किरकोळ वाटतात. पण 4 ऑगस्टची तारीख तिने नव्या कंपनीला दिलेली होती. तिने त्याच दिवशी उत्तर पाठवलं: ‘सर, 1 ऑगस्ट बदलता येणार नाही, मी तिथे शब्द दिला आहे. पण 18 जुलैऐवजी 11 जुलैला तयारी पूर्ण करते, म्हणजे 14 ते 16 जुलैला आपण घरच्या घरी एक पूर्ण ऑडिट करून पाहू. प्रश्न मी विचारीन, उत्तरं नवीन माणूस देईल.’ इथे ‘बदलता येणार नाही’ चाललं, कारण अडचण खरी होती आणि सांगूनही टाकली होती. नकाराबरोबर दिलेली वस्तू मालकांना पंधरा दिवसांपेक्षा उपयोगी वाटली असावी. त्यांनी त्या सरावाला स्वतः येऊन बसायचं कबूल केलं.

राजीनामा स्वीकारल्याची मेल मंगळवारी, 10 जूनला आली. एक्झिट इंटरव्ह्यू जुलैच्या शेवटच्या आठवड्यात झाला. त्यात होल्डच्या मालाच्या तीन नोंदी तिने तारखांसकट दिल्या, कोणाचं नाव न घेता. रिलीव्हिंग लेटर 1 ऑगस्टला दुपारी हातात मिळालं आणि ग्रॅच्युइटीचा आकडा हिशेबाबरहुकूम निघाला.

ऑगस्टमध्ये तिला जुन्या कारखान्यातून दोन फोन आले. पहिला गेज कॅलिब्रेशनच्या एका जुन्या प्रमाणपत्राबद्दल होता, तो तिने दोन मिनिटांत निस्तरला. दुसऱ्या वेळी नव्या माणसाने ऑडिटरच्या एका आक्षेपाला काय उत्तर लिहू असं विचारलं. तिने सांगितलं, ‘‘ते उत्तर आता तुम्हीच ठरवा, मी लिहिणं बरोबर नाही. मागच्या वर्षीचा तसाच आक्षेप तिसऱ्या फाइलमध्ये आहे, तो वाचून घ्या आणि एकदा सरांना दाखवा.’’